गॉगलची पारख : काळी काच, अतिनील किरण आणि निळा प्रकाश

उन्हाळा सुरू होताच चष्म्याच्या दुकानांतून आणि पदपथांवरील विक्रेत्यांकडे गॉगलची खरेदी वाढते. ग्राहक गॉगल डोळ्यांवर चढवितो, आरशात पाहतो, काच किती गडद आहे याचा अंदाज घेतो आणि तेवढ्यावरच निर्णय करतो. वस्तुतः काचेचा गडदपणा, अतिनील किरणांपासून संरक्षण आणि अलीकडे ज्याची मोठी जाहिरात होते ते निळ्या प्रकाशाला अडविणे, या तीन स्वतंत्र बाबी आहेत. एकीवरून दुसरीचे अनुमान काढता येत नाही.

प्रकाशलहरींची लांबी नॅनोमीटर या सूक्ष्म एककात मोजतात. आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारणपणे ४०० ते ७०० नॅनोमीटरचा असतो. ४०० च्या खालील किरण म्हणजे अतिनील किरण. ते दिसत नाहीत. परंतु डोळ्याचा पारदर्शक पृष्ठभाग आणि आतील नैसर्गिक भिंग ते शोषून घेतात. वर्षानुवर्षे उन्हात वावरणाऱ्यांमध्ये मोतीबिंदू आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळावर सरकणारी मांसल वाढ यांस हे शोषण हातभार लावते. गडद काच दृश्य प्रकाश कमी करते, त्यामुळे डोळ्यांना गारवा वाटतो, बाहुली विस्फारते आणि डोळे बारीक करण्याची नैसर्गिक सवय थांबते. अशा काचेत अतिनील किरण अडविण्याची सोय नसेल, तर डोळ्यांनी आपले उपजत संरक्षण सोडलेले असते आणि त्याच्या मोबदल्यात काहीच मिळालेले नसते.

आता लेबलाकडे वळू. ‘यूव्ही ४००’ या शब्दांचा अर्थ असा की, ४०० नॅनोमीटरपर्यंतचे जवळजवळ सर्व अतिनील किरण ही काच अडविते. काही गॉगलवर आकडा न देता केवळ ‘१०० टक्के यूव्ही संरक्षण’ असे छापलेले असते. गॉगलविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकात अतिनील किरणांची मर्यादा ३८० नॅनोमीटर धरली आहे. त्यामुळे हे विधान खरे असूनही ३८० ते ४०० हा पट्टा मोकळा राहू शकतो. म्हणून आकडा स्पष्ट लिहिलेला गॉगल घेणे श्रेयस्कर.

त्याच मानकात ० ते ४ अशी वर्गवारी आहे. हा वर्ग मुख्यतः गडदपणा सांगतो. वर्ग ३ ची काच ८ ते १८ टक्के दृश्य प्रकाश आत सोडते आणि आपल्याकडील कडक उन्हात ती पुरेशी होते. वर्ग ४ ची काच हिमाच्छादित उंच प्रदेशासाठी असते. ती इतकी काळी असते की, ती लावून वाहन चालविणे धोक्याचे ठरते. ‘पोलराइज्ड’ हा शब्दही अतिनील किरणांविषयी काही सांगत नाही. रस्त्यावरून वा पाण्यावरून परावर्तित होणारी चकाकी ती काच कमी करते, एवढाच त्याचा अर्थ.

लेबल मात्र कोणीही चिकटवू शकतो. मग खात्री कशी करावी? अनेक चष्मेविक्रेत्यांकडे अतिनील किरण मोजण्याचे लहान यंत्र असते. त्यावर काच तपासून मागण्यास संकोच करू नये. बँकेतील वाचकांना आणखी एक साधन परिचित आहे, ते म्हणजे नोटा पारखण्याचा अतिनील दिवा. या दिव्याची नळी प्रामुख्याने ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचे किरण सोडते आणि त्यामुळे नोटेवरील क्रमांक व कागदातील तंतू चमकू लागतात.

समजा, आपल्यापुढे दोन गॉगल आहेत : एक गडद काळा व बिनलेबलाचा, दुसरा फिकट करडा व ‘यूव्ही ४००’ लिहिलेला. प्रथम साध्या तसबिरीच्या काचेचा तुकडा दिवा आणि नोट यांच्यामध्ये धरावा. क्रमांक चमकतच राहतात, कारण साधी काच हे किरण बव्हंशी आत सोडते. नंतर त्याच जागी एकेक गॉगलची काच धरावी. काच नोटेच्या अगदी जवळ असावी आणि नोटेकडे काचेतून न पाहता बाजूने पाहावे; अन्यथा काळ्या रंगामुळेच चमक मंद भासेल व फसगत होईल. फिकट काचेच्या सावलीत क्रमांक विझले आणि काळ्या काचेखाली चमकत राहिले, तर कोणता गॉगल घ्यावा हे वेगळे सांगण्याची गरज नाही. दिव्याकडे थेट पाहू नये.

या चाचणीला मर्यादा आहेत. काळ्या काचेखाली चमक टिकली, तर काच निश्चित अपुरी आहे. परंतु चमक विझली, तर ३६५ च्या आसपासचे किरण अडले एवढेच सिद्ध होते. ४०० पर्यंतची ग्वाही त्यातून मिळत नाही. तसेच बाजारातील अनेक स्वस्त विजेऱ्या ३९५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश देतात, त्यांच्यावर मानकाप्रमाणे बनलेली काचही नापास झाल्यासारखी दिसेल.

नेमकी हीच मर्यादा निळा प्रकाश अडविणाऱ्या चष्म्यांच्या दुकानातील प्रात्यक्षिकाला लागू पडते. विक्रेता एका जांभळट लेसरचा झोत काचेवर टाकतो, तो पलीकडे पोहोचत नाही आणि ग्राहक प्रभावित होतो. हा झोत बहुधा ४०५ नॅनोमीटरचा असतो. संगणक व मोबाइलच्या पडद्यातील निळा प्रकाश मात्र ४५० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतो, आणि या काचा निळ्या प्रकाशाचा साधारण १० ते २५ टक्के भागच कमी करतात. शिवाय पडद्यांपासून मिळणारा निळा प्रकाश दिवसाच्या नैसर्गिक उजेडाच्या सुमारे एक सहस्रांश असतो.

पुरावा काय सांगतो? २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने १७ तुलनात्मक चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. संगणकावर काम करताना येणारा डोळ्यांचा थकवा या चष्म्यांमुळे साध्या चष्म्याच्या तुलनेत कमी होतो, असे त्यात दिसले नाही. झोपेविषयीचे निष्कर्ष परस्परविरोधी निघाले, आणि दृष्टिपटलाचे रक्षण होते का हे तपासणारी चाचणी त्यांत नव्हतीच. या चाचण्या जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या होत्या, हेही ध्यानात ठेवावे. दीर्घकाळाचा प्रश्न त्यांनी निकालात काढलेला नाही. ब्रिटनमध्ये २०१७ साली अशा काचांची दिशाभूल करणारी जाहिरात केल्याबद्दल एका मोठ्या चष्माविक्री संस्थेला ४०,००० पौंड दंड झाला.

पडद्यासमोर डोळे शिणतात हे खरेच, पण त्याचे कारण निराळे आहे. एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप मंदावते, डोळे कोरडे पडतात आणि जवळच्या अंतरावर दृष्टी सतत रोखलेली राहते. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहणे बिनखर्चाचे आहे. त्रास टिकला, तर चष्म्याचा क्रमांक आणि डोळ्यांचा कोरडेपणा नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्यावा.

गॉगल निवडताना ‘यूव्ही ४००’ हा आकडा आणि यंत्रावरील तपासणी यांनंतर चौकटीकडे पाहावे. कडेने व वरून शिरणारे किरण काच अडवू शकत नाही, म्हणून भुवयांपासून गालापर्यंत झाकणारी आणि कानशिलाकडे किंचित वळलेली चौकट उपयुक्त. निळ्या लेपासाठी वेगळे पैसे मागितले गेले, तर त्या पैशांत काय मिळणार आहे, हे आता आपण विचारू शकाल.