दोन झरे आणि दहा सांतीम

एखाद्या वस्तूचा एकच विक्रेता असला की तो मक्तेदार, आणि शेकडो असले की स्पर्धा, हे आपण शाळेत शिकलो. पण विक्रेते नेमके दोनच असले तर? अर्थशास्त्रात याला द्वयाधिकार म्हणतात. दोघेच असल्यामुळे ते मक्तेदारासारखे वागतील, निदान भाव तरी चढाच ठेवतील, असं सहज वाटतं. या समजाला सुरुंग लावणारा युक्तिवाद 1883 साली फ्रान्समध्ये छापून आला, तोही एका पुस्तक परीक्षणात.

पुस्तक होतं ऑगस्टिन कूर्नो या फ्रेंच विचारवंताचं, 1838 सालचं. त्यात त्याने दोन झऱ्यांचं उदाहरण घेतलं होतं. दोन्ही झऱ्यांचं औषधी पाणी अगदी सारखं, मालक मात्र वेगवेगळे. रोज किती पाणी बाजारात आणायचं हे प्रत्येक मालक ठरवतो, असं धरून कूर्नोने गणित मांडलं. उत्तर आलं ते मक्तेदारीपेक्षा कमी, पण खर्चापेक्षा बऱ्यापैकी जास्त भावाचं. तब्बल पंचेचाळीस वर्षांनी गणितज्ञ जोसेफ बर्त्राँ याने परीक्षण लिहिताना नेमकं इथेच बोट ठेवलं. दोघांनी मिळून कोणताही भाव ठरवला, तरी त्यातला एकजण किंचित खाली आला की सगळं गिऱ्हाईक त्याचंच होणार. मग ही घसरण थांबेल कुठे?

आकडे घालून पाहू. आकडे माझे, झरे कूर्नोचे. पाण्याची एक पेटी भरून विकायला दोन्ही मालकांना 4 फ्रँक खर्च येतो. आणखी एक पेटी भरली की आणखी 4 फ्रँक, कमी नाही की जास्त नाही. या वाढीव नगाच्या खर्चालाच सीमांत खर्च म्हणतात. भाव 12 फ्रँक असला तर गावात रोज 80 पेट्या खपतात, आणि भाव एका फ्रँकने उतरला की 10 पेट्या जास्त खपतात. या बाजारात सर्वाधिक नफा 12 फ्रँकच्या भावाला मिळतो: पेटीमागे 8 फ्रँक, म्हणजे रोजचे 640. दोघा मालकांनी हात मिळवून हाच भाव ठेवला, तर प्रत्येकाच्या 40 पेट्या जातात आणि प्रत्येकाला 320 फ्रँक सुटतात.

आता संध्याकाळी वही उघडून बसलेल्या पहिल्या मालकाकडे पाहा. उद्या आपण 11 फ्रँक 90 सांतीम भाव लावला तर? फक्त दहा सांतीमची सूट. पाणी तेच, त्यामुळे दुसऱ्या झऱ्यावर कुणी फिरकणार नाही. 81 पेट्या खपतील, पेटीमागे 7 फ्रँक 90 सांतीम सुटतील, एकूण नफा 639 फ्रँक 90 सांतीम. भाव उतरवल्याने गेले ते चिल्लर, आणि हाती आला तो समोरच्याचा सगळा धंदा. सगळी मेख या हिशेबात आहे. दहा सांतीमच्या फरकाने अर्धं गाव या दारातून त्या दारात जातं.

पण दुसऱ्याकडेही वही आहे. तो 11.80 लावतो, पहिला 11.70. वाटेत थांबायला जागाच नाही. दोघेही 5 फ्रँकवर आले, तर प्रत्येकाला रोज 75 फ्रँक मिळतात, पण 4.90 लावणाऱ्याला जवळजवळ 136. अगदी 4.20 वरही हिशेब तसाच येतो: बरोबरीने विकलं तर 15 फ्रँक 80 सांतीम, खाली उतरलं तर 15 फ्रँक 90 सांतीम. दोघे 4.10 वर पोचले की मात्र पायरी संपते. त्याखाली 4 फ्रँकला विकलं तर नफा शून्य, आणि भाव वाढवला तर गिऱ्हाईक शून्य. दहा सांतीमऐवजी नाणं कितीही बारीक घेतलं तर भाव 4 फ्रँकला, म्हणजे सीमांत खर्चाला, जाऊन टेकतो. ज्या जागेवरून एकट्याने हलून कुणाचाच फायदा होत नाही, ती हीच. याच आकड्यांवर कूर्नोच्या पद्धतीने भाव निघतो 9 फ्रँक 33 सांतीम. झरे तेच, मालक तेच. फरक एवढाच की एकात पेट्यांची संख्या ठरवली, दुसऱ्यात भाव.

या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत आहे: भाव उतरवणारा मालक गावाची सगळी मागणी एकटा भागवू शकतो. इंग्लंडच्या फ्रान्सिस एजवर्थने 1897 साली हेच हेरलं. समजा प्रत्येक झऱ्याला दिवसाकाठी 80 पेट्याच पाणी आहे. दोघेही 4 फ्रँकला विकताहेत, आणि पहिल्याने एकदम 8 फ्रँक भाव लावला. 8 फ्रँकलाही घ्यायला तयार अशी 120 पेट्यांची मागणी गावात आहे. यातली सगळ्यात गरजू मंडळी आधी स्वस्त झऱ्यावर पोचली असं धरलं, तर तिथल्या 80 पेट्या संपल्यावर 40 पेट्यांचं गिऱ्हाईक मुकाट पहिल्याकडे येतं. त्याला 160 फ्रँक सुटतात, काल तर शून्य होते. मग दुसराही वर चढतो, 7.90 लावतो, आणि भाव पाडण्याचा खेळ पुन्हा सुरू होतो. भाव एका जागी ठरतच नाही. पुढे 1983 साली क्रेप्स आणि शाइनकमन यांनी दाखवलं की मालकांनी आधी क्षमता ठरवली आणि मग भाव लावले, तर ठरावीक अटींत उत्तर कूर्नोचंच येतं. म्हणजे बर्त्राँचं गणित चुकलेलं नव्हतं. ते आटणार नाही अशा झऱ्याचं गणित होतं.

न आटणारा झरा प्रत्यक्षात पाहायचा तर अमेरिकेतल्या टेलिफोन डिरेक्टरीच्या सीडीकडे पाहावं. 1986 साली नायनेक्स या टेलिफोन कंपनीने न्यूयॉर्क भागातल्या नंबरांची सीडी काढली आणि प्रतीमागे 10,000 डॉलर लावले. विक्रेता एकच होता. मग प्रोसीडी ही कंपनी उतरली. तिने तीन हजारांहून जास्त छापील डिरेक्टऱ्यांमधले नंबर एकत्र केले आणि त्यावर एक कोटी डॉलरच्या वर खर्च केला. पण 1991 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डिरेक्टरीतली नावं आणि नंबर यांवर कॉपीराइट नसतो, असा निकाल दिला. ज्याला मेहनत करायची तयारी असेल त्याला तीच यादी बनवता येत होती. माल सारखा, आणखी एक सीडी छापायचा खर्च नगण्य, आणि प्रती हव्या तेवढ्या. आणखी विक्रेते आले, आणि हजारांचा भाव शेकड्यांवर आणि शेवटी वीस डॉलरच्या आत आला.

इथेच या सिद्धांताची धार विक्रेत्याला लागते. भाव सीमांत खर्चाला टेकतो, आणि सीमांत खर्चात ते एक कोटी डॉलर कुठेच नसतात. झरा खणायला घातलेला पैसा पेटीमागच्या 4 फ्रँकमधून कधीच वसूल होत नाही. म्हणून सारखाच माल विकणारे दोघे शक्य तितक्या लवकर माल वेगळा करू पाहतात: वेगळी चव, वेगळी बाटली, घरपोच सेवा. तेवढा फरक पडला तरी दहा सांतीमसाठी अर्धं गाव दार बदलत नाही.

त्यामुळे एखाद्या बाजारात दोनच विक्रेते दिसले, तर नुसती डोकी मोजून भागत नाही. एकाने भाव किंचित उतरवला तर दुसऱ्याची किती गिऱ्हाइकं हलतील, आणि ती सगळी आली तर त्यांना पुरेल एवढा माल पहिल्याकडे आहे का, हे विचारायचं. सगळी हलणार असतील आणि माल पुरणार असेल, तर भाव खर्चावर आणायला दोघे पुरेसे आहेत.