परत फिरण्याआधी अल्फा कण कुठवर जातो?

१९०९ साली मँचेस्टरला हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन यांनी रेडियमपासून निघणारे अल्फा कण प्लॅटिनमच्या पत्र्यावर सोडले. साधारण आठ हजारांतला एक कण आल्या बाजूलाच परत आला. प्रकाशाच्या वेगाच्या सहा टक्क्यांहून अधिक वेगाने धावणारा कण मागे फिरतो, याचा अर्थ त्याला पत्र्यातल्या एखाद्या अणूने आधी थांबवलेलं असलं पाहिजे. अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी पुढे हाच प्रश्न धरला: असा कण थांबतो तरी नेमका कुठे?

उत्तरासाठी आधी सर्वांत सोपी स्थिती घेऊ. एक धनप्रभार जागेवर घट्ट बसला आहे. दुसरा धनप्रभार लांबून, अगदी त्याच्या रोखाने येतो आहे. दोघेही धन, म्हणून दूर ढकलणारं बल सुरुवातीपासूनच आहे, पण लांब असताना ते नगण्य असतं. अंतर निम्मं झालं की बल चौपट होतं. येणारा कण मंदावत जातो, एका बिंदूपाशी क्षणभर थांबतो आणि मागे फेकला जातो.

हे अंतर बलावरून काढायला गेलं तर हिशेब अवघड होतो, कारण बल दर पावलाला बदलतं. शाळेत शिकलेली स्थिर त्वरणाची सूत्रं इथे चालत नाहीत. ऊर्जेचा हिशेब मात्र मधल्या प्रवासाची चौकशीच करत नाही. त्याला फक्त सुरुवात आणि शेवट लागतो. इंजिन बंद करून वेगात चढावर सोडलेली गाडी कुठे थांबेल हे तिचा सुरुवातीचा वेग आणि चढाची उंची यांवरून कळतं, तसंच हे आहे. फरक इतकाच, की इथला चढ पुढे पुढे फार खडा होत जातो.

लांब असताना कणाजवळची सगळी ऊर्जा गतीची असते. तिला E म्हणू. थांबण्याच्या क्षणी गती शून्य, म्हणून तीच ऊर्जा आता पूर्णपणे दोन प्रभारांच्या जवळिकीत, म्हणजे स्थितिज ऊर्जेच्या रूपात साठलेली असते. येणारा प्रभार q, स्थिर प्रभार Q आणि त्यांच्यातलं अंतर r असेल, तर ही साठलेली ऊर्जा kqQ/r इतकी असते. दोन्ही सारख्या मांडल्या की उत्तर हाती येतं:

r = kqQ/E

बारावीचे विद्यार्थी इथे एक चूक हमखास करतात. बलाच्या सूत्रातला अंतराचा वर्ग ते ऊर्जेच्या सूत्रातही घालतात. वर्ग बलात असतो, ऊर्जेत नाही. म्हणूनच कणाची ऊर्जा दुप्पट केली की तो निम्म्या अंतरापर्यंत पोचतो. वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते आणि अंतर पाव होतं. दुसरी गफलत अशी, की कण थांबला म्हणजे त्या क्षणी बलही शून्य असेल असं वाटतं. प्रत्यक्षात त्याच क्षणी बल सर्वाधिक असतं.

आता खरे आकडे घालू. गायगर-मार्सडेन यांनी वापरलेल्या सर्वांत वेगवान अल्फा कणांची ऊर्जा ७.६९ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट होती. अल्फावर २ एकक धनप्रभार असतो, सोन्याच्या अणुकेंद्रावर ७९. दोन एकक प्रभार एकमेकांपासून एक फेम्टोमीटरवर, म्हणजे मीटरच्या एक हजार लाख-कोटीव्या भागावर ठेवले, तर त्यांची स्थितिज ऊर्जा १.४४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. याला २ आणि ७९ ने गुणलं की सुमारे २२७.५ येतात. त्याला ७.६९ ने भागलं की उत्तर मिळतं: जवळजवळ ३० फेम्टोमीटर. तिथे त्या एका अल्फा कणावर सुमारे ४२ न्यूटन बल असतं. चार किलो वजनाची वस्तू हातावर पेलताना जेवढं बल लागतं, तेवढं एका अणुकेंद्राएवढ्या कणावर!

या ३० आकड्याची खरी ताकद अणूच्या आकाराशी तुलना केल्यावर दिसते. सोन्याच्या अणूची त्रिज्या सुमारे १,४०,००० फेम्टोमीटर आहे. जे. जे. थॉमसन यांच्या कल्पनेप्रमाणे धनप्रभार या सगळ्या गोलात सारखा पसरलेला असता, तर काय झालं असतं? अशा गोलात अल्फाला सर्वांत मोठा अडथळा अगदी मध्यावर भेटतो, आणि इलेक्ट्रॉनांचा उलट परिणाम सोडून दिला तरी तो जेमतेम २,४०० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा भरतो. कणाजवळ तर त्याच्या तीन हजारपटींहून अधिक ऊर्जा आहे. तो थांबणार नाही, आरपार जाईल. परत आलेला प्रत्येक कण सांगत होता, की धनप्रभार एका फार लहान जागेत एकवटलेला आहे. १९११ च्या लेखात रदरफोर्ड यांनी मध्यवर्ती प्रभार १०० एकक धरून हे अंतर ३४ फेम्टोमीटर काढलं होतं. प्रभाराचा अंदाज चुकला होता, पण निष्कर्षाला धक्का लागत नाही.

हिशेबात आपण दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. पहिली म्हणजे अगदी समोरासमोरची टक्कर. प्रयोगात एवढा नेम कुणी धरू शकत नाही. कण थोडा बाजूने आला तर तो कधीच पूर्ण थांबत नाही, थोडी आडवी गती उरतेच, म्हणून तो तितका जवळ जात नाही. याच ऊर्जेचा जो कण काटकोनात वळतो, तो सुमारे ३६ फेम्टोमीटरपर्यंतच पोचतो. म्हणून ३० हा आकडा जवळिकीची शेवटची मर्यादा आहे, आणि जवळपास उलट फिरलेले कणच तिथवर गेलेले असतात.

दुसरं गृहीतक स्थिर प्रभाराचं. सोन्याचं केंद्र अल्फाच्या जवळजवळ पन्नास पट जड असल्यामुळे ते फारसं हलत नाही, आणि उत्तरात फक्त दोन टक्क्यांची भर पडते. ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी आहे. त्याचा प्रभार १३, म्हणून साध्या सूत्राने अंतर ४.९ फेम्टोमीटर येतं. पण हे हलकं केंद्र धक्क्याने मागे सरकतं, काही ऊर्जा गतीतच राहते, आणि खरं अंतर ५.६ पर्यंत वाढतं. ॲल्युमिनियमचं केंद्र आणि अल्फा यांच्या त्रिज्यांची बेरीजही जवळपास तेवढीच आहे. म्हणजे इथे दोघे एकमेकांना भिडतात आणि केवळ विद्युतबलाचा नियम पुरेसा राहत नाही. हे कळतं ते मोजणीवरून: मोठ्या कोनात वळलेल्या कणांची संख्या रदरफोर्ड यांच्या सूत्राशी जुळेनाशी होते. १९२० च्या दशकात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमवर अशीच तफावत दिसली.

सोन्याच्या बाबतीत मात्र सूत्र शेवटपर्यंत जुळलं, म्हणूनच त्या प्रयोगातून केंद्राचा आकार कळला नाही. तो ३० फेम्टोमीटरपेक्षा लहान आहे, एवढंच ठरलं. १९५० च्या दशकात स्टॅनफर्डला रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी अतिवेगवान इलेक्ट्रॉन वापरून अणुकेंद्रांचे आकार मोजले. सोन्याच्या केंद्राची त्रिज्या साधारण ७ फेम्टोमीटर आहे.