चुकीचा अर्ज मागे घेताना

समजा, चाकणमधल्या एका क्वालिटी इंजिनिअरने दुसऱ्या कंपनीच्या पोर्टलवर अर्ज भरला. रात्री पुन्हा वाचताना दोन चुका दिसल्या. आधीची नोकरी मे 2022 मध्ये सुटली होती, पण अर्जात ऑगस्ट 2022 पडलं. नोटीस पिरियड 90 दिवसांचा, तिथे 30 लिहिलं गेलं.

यातली पहिली चूक जास्त घातक आहे. सप्टेंबरमध्ये नवी नोकरी लागेपर्यंत मध्ये जो खंड पडला, तो या तारखेमुळे दिसेनासा होतो. पुढे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये रिलिव्हिंग लेटर किंवा पीएफची नोंद पाहिली की खरा महिना समोर येतो. तोवर गप्प राहिलेल्या उमेदवाराची चूक मग लपवाछपवी वाटू लागते आणि हातात आलेली ऑफरही जाऊ शकते.

अशा वेळी घाईने पोर्टलवरचं ‘विथड्रॉ’ बटण दाबू नये. काही पोर्टलवर मागे घेतलेल्या पदासाठी पुन्हा अर्जच करता येत नाही. आधी रिक्रूटरला ईमेल करावा. तिच्याशी पत्रव्यवहार झाला असेल तर त्याच ईमेलला उत्तर द्यावं, म्हणजे जुनं-नवं एकाच ठिकाणी सापडतं. विषयात पदाचं नाव, अर्ज क्रमांक आणि ‘आधीचा अर्ज रद्द, दुरुस्त अर्ज सोबत’ एवढं असावं. मजकूर इंग्रजीत लिहिला तरी क्रम असा ठेवावा:

“नमस्कार मॅडम, क्वालिटी इंजिनिअर पदासाठी मी 10 जून रोजी केलेल्या अर्जात दोन नोंदी चुकल्या आहेत. आधीची नोकरी सोडल्याचा महिना ऑगस्ट 2022 नसून मे 2022 आहे. नोटीस पिरियड 30 नसून 90 दिवस आहे. कृपया तो अर्ज मागे घेतल्याचं समजावं आणि सोबतचा बायोडेटा विचारात घ्यावा. पोर्टलवर नव्याने अर्ज करायचा, की दुरुस्ती तुमच्याकडून होईल, ते कृपया कळवावं. गैरसोयीबद्दल क्षमस्व.”

चूक आणि बरोबर माहिती शेजारी-शेजारी असल्याने रिक्रूटरला दोन बायोडेटा ताडून पाहावे लागत नाहीत. चूक कशी झाली याची लांबण लावू नये. फाइलच्या नावात स्वतःचं नाव, ‘दुरुस्त’ आणि तारीख घालावी. दोन्ही फाइलींचं नाव सारखंच असेल तर जुनी पुढे जाण्याची भीती राहते. लिंक्डइन किंवा इतर जॉब साइटवर तीच चूक असेल तर तीही त्याच दिवशी सुधारावी.

पाठवलेला ईमेल परत ओढण्यावर भरवसा ठेवू नये. जीमेलमध्ये त्यासाठी जास्तीत जास्त 30 सेकंद मिळतात, तर आउटलुकची ‘रिकॉल’ सोय आपल्याच संस्थेतल्या मेलबॉक्सपुरती असते. सरकारी भरतीत असा ईमेल सहसा चालत नाही. तिथे जाहिरातीत दिलेल्या मुदतीत आणि पद्धतीनेच दुरुस्ती करावी लागते.

खासगी नोकरीत मात्र मुलाखतीचं बोलावणं येण्याची वाट पाहू नका. चूक दिसली त्याच दिवशी, कोणी विचारण्याआधी, स्वतःहून कळवा.