‘मी असं म्हणालोच नव्हतो!’ : बॉसच्या गॅसलायटिंगवर तारखेची नोंद कशी उपयोगी पडते?

‘मी असं कधी म्हणालो? तुझाच काहीतरी गैरसमज झालाय.’ बॉसकडून हे एकदा ऐकलं तर आपण सोडून देतो. पण वारंवार ऐकावं लागलं, की माणूस स्वतःच्याच आठवणीवर शंका घ्यायला लागतो. यालाच गॅसलायटिंग म्हणतात. हा शब्द पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ सालच्या ‘गॅस लाइट’ या नाटकावरून आला. त्यातला नवरा बायकोला पद्धतशीरपणे पटवत राहतो, की तिचं डोकं ठिकाणावर नाही.

समजा, ३ मार्चच्या मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाले, ‘रिपोर्ट २० तारखेला दे, आधी क्लायंटचं काम संपव.’ १२ तारखेला तेच सगळ्यांसमोर विचारतात, ‘रिपोर्ट आजच द्यायचा होता ना?’ तुमच्याकडे फक्त आठवण असेल, तर तुमचा शब्द विरुद्ध त्यांचा शब्द. अशा वेळी बहुतेकदा पद मोठं असलेल्याचंच खरं ठरतं.

म्हणून नोंद त्याच दिवशी करा. तारीख, वेळ, कोण हजर होतं आणि काय बोललं गेलं, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. ‘सर वाईट वागले’ ही नोंद नव्हे, ते मत झालं. ‘३ मार्च, सकाळी ११, आम्ही तिघं हजर. सर म्हणाले, रिपोर्ट २० तारखेला दे’ ही नोंद. आठवड्याभराने सगळं एकदम लिहून काढलं, तर त्या नोंदीवर फारसा भरवसा ठेवता येत नाही.

दुसरं पाऊल जास्त महत्त्वाचं. मीटिंग संपताच साधा मेल पाठवा : ‘आज ठरल्याप्रमाणे आधी क्लायंटचं काम संपवतो आणि रिपोर्ट २० तारखेला देतो. काही बदल असल्यास कळवावं.’ डायरी फक्त तुमच्याकडे असते, मेल दोघांकडे राहतो. त्यात आरोप नसल्याने वादही होत नाही.

फरकही इथेच कळतो. खरोखर विसरलेला माणूस मेल पाहून ‘अरे हो, राहिलंच’ म्हणतो. गॅसलायटिंग करणारा मेल बाजूला सारतो आणि गाडी तुमच्यावर आणतो : ‘तू प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेतोस.’ असं एकदा घडलं तर निष्कर्ष काढू नका. तीन-चार नोंदींमध्ये तोच नमुना दिसला, तर एचआरकडे त्या तारखा घेऊन जा.

नोंदी ऑफिसच्या लॅपटॉपवरच ठेवू नका, नोकरी सुटली की तो परत द्यावा लागतो. मात्र कंपनीची गोपनीय कागदपत्रं वैयक्तिक मेलवर पाठवू नका, त्यात तुम्हीच अडकाल.

नोंदीने बॉस बदलेलच असं नाही. कधी वही उघडल्यावर चूक आपलीच निघते, तेही मान्य करावं लागतं. पण ‘मलाच वेड लागलंय का?’ या प्रश्नाचं उत्तर मग बॉसला विचारावं लागत नाही.