लांबून वाचता येईल असा दिंडीचा फलक

ज्येष्ठ सरत आला की गावोगावच्या दिंड्यांची तयारी सुरू होते. पालखीबरोबर चालणाऱ्या दिंडीपुढे दोन काठ्यांवर ताणलेला कापडी फलक असतो. त्यावर गावाचे नाव असते. हा फलक शोभेचा नव्हे. चहापाण्याला मागे राहिलेली म्हातारी किंवा गर्दीत हात सुटलेले पोर आपली दिंडी शोधते ते त्या फलकावरूनच. तेव्हा फलक जवळून किती सुरेख दिसतो यापेक्षा शंभर फुटांवरून नाव बरोबर वाचता येते की नाही, हा खरा प्रश्न आहे. आता छापील फ्लेक्स सगळीकडे मिळतो. पण कापडी फलक हलका असतो, काठीला गुंडाळून खांद्यावर नेता येतो आणि नीट केला तर धुऊन वर्षानुवर्षे वापरता येतो. घरच्या घरी तो कसा रंगवावा, ते एका उदाहरणाने पाहू.

धामणगाव नावाची गावे आपल्याकडे अनेक आहेत. समजा, त्यांपैकी एका गावचा फलक करायचा आहे. वरच्या ओळीत मोठ्या अक्षरांत ‘धामणगाव दिंडी’ आणि खाली लहान अक्षरांत तालुका व जिल्हा. मजकूर एवढाच ठेवा. मंडळाचे पदाधिकारी, देणगीदार अशी नावे वाढली की अक्षरे बारीक होतात आणि मग लांबून काहीच वाचता येत नाही.

छत्तीस इंच पन्ह्याचा पांढरा मांजरपाट चार मीटर घ्या. नव्या कापडात खळ असते. ती राहिली तर रंग धाग्यात मुरत नाही, वरच्यावर बसतो आणि पुढे पापुद्रे निघतात. म्हणून कापड रात्रभर भिजत घालून सकाळी साबणाने धुवा. ते जेवढे आटायचे तेवढे आताच आटू द्या. वाळल्यावर इस्त्री करा, वरखाली दुमड घाला आणि दोन्ही टोकांना काठी जाईल असा नेफा शिवून घ्या. शिवण आधी, रंग मागाहून. उलटे केले तर कडेची अक्षरे नेफ्यात जातात. एवढे झाल्यावर लिहायला साधारण बारा फूट लांब आणि बत्तीस इंच उंच जागा उरते.

आता अक्षर किती मोठे काढायचे? पाट्या रंगवणाऱ्यांचा साधा हिशेब असा, की दहा फुटांना एक इंच उंची. शंभर फुटांवरून वाचायचे तर अक्षर दहा इंच हवे. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची धरायची. वेलांटी आणि मात्रा त्याच्या वर, उकार त्याच्या खाली. नवखा माणूस नेमका इथेच फसतो. तो कापडाची सगळी उंची अक्षराला देतो आणि मग वेलांटी चेपून बसवतो.

म्हणून आधी आडव्या रेघा आखा. वरून तीन इंच मोकळे सोडा. त्याखाली चार इंच वेलांटीसाठी, मग दहा इंच अक्षरासाठी. वरच्या ओळीत उकार नाही, त्यामुळे खाली वेगळी जागा लागत नाही. चार इंच अंतर सोडून दुसरी ओळ घ्या. तिला वेलांटीसाठी दोन, अक्षरासाठी पाच आणि उकारासाठी दोन इंच. तळाशी दोन इंच मोकळे. बेरीज करून पाहा, बरोबर बत्तीस भरते.

बारा फुटांची सरळ रेघ पट्टीने येत नाही. कोळशाची बारीक पूड फडक्यात घेऊन तिच्यातून सूत ओढा. कापड ताणून दोन्ही टोकांना खुणा करा, दोघांनी सूत खुणांवर घट्ट धरावे आणि मधोमध चिमटीत उचलून सोडावे. रेघ उमटते. जास्तीची पूड फुंकरीने उडवून टाका. नीळ मात्र वापरू नका. ओल्या रंगाखाली ती विरघळते आणि अक्षराच्या कडेला निळी छटा राहते.

मग आडवी वाटणी. प्रत्येक पूर्ण अक्षराला एक घर, सुट्या काना-वेलांटीला अर्धे घर आणि दोन शब्दांमध्ये एक घर मोकळे. ‘धामणगाव’ला पाच अक्षरांची पाच घरे आणि दोन कान्यांचे एक मिळून सहा होतात. ‘दिंडी’ला दोन अक्षरे आणि दोन वेलांट्यांच्या उभ्या रेघा मिळून तीन. मधले एक धरून एकूण दहा घरे. बारा फूट म्हणजे एकशे चव्वेचाळीस इंच. दोन्ही कडांना बारा बारा इंच सोडले की एकशे वीस उरतात, म्हणजे एका घराला बारा इंच. शेजारच्या अक्षरापासूनचे अंतरही याच घरात धरायचे. कापडाची मधोमध घडी घालून खूण करा. ती खूण ‘गा’ संपून ‘व’ सुरू होतो तिथे आली पाहिजे. तशी आली नाही तर कुठेतरी घर चुकले आहे. रंग लावण्याआधी ही चूक पुसता येते, नंतर नाही.

अक्षरे आधी शिंप्याच्या खडूने पुसट काढून घ्या. रेघेची जाडी उंचीच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास ठेवा. दहा इंचांच्या अक्षराला सुमारे दीड इंच, पाच इंचांच्या अक्षराला पाऊण इंच. यापेक्षा बारीक रेघ लांबून विरून जाते. जाड केली तर अक्षराच्या पोटातली पांढरी जागा बुजते आणि नुसता डाग दिसतो. सगळ्या रेघा एकाच जाडीच्या ठेवा. बोरूने लिहिल्यासारखी एक बाजू बारीक, एक जाड अशी वळणे कागदावर शोभतात, पण लांबून बारीक बाजू नाहीशी होते.

याहून महत्त्वाची गोष्ट शिरोरेषेची. आपल्या लिपीत काही जोड्या अशा आहेत, की त्यांतला मोठा फरक म्हणजे शिरोरेषेतली फट. ध आणि घ, भ आणि म, थ आणि य पाहा. ही फट बुजली की धामणगावचे ‘घामणगाव’ होते आणि भोरचे मोर. जवळून वाचणारा अंदाजाने सावरून घेतो. गर्दीत लांबून शोधणाऱ्याला ते जमत नाही. म्हणून ‘ध’च्या डोक्यावरची फट रेघेच्या जाडीइतकी तरी हवी, म्हणजे दीड इंच. दोन ठेवली तर आणखी बरे. ‘ध’ची वरची गाठही मोकळी, पोट दिसेल अशी काढा. तसेच ‘ख’ लिहिताना पहिल्या भागाचे शेपूट दुसऱ्याला नीट जोडा, नाहीतर ते ‘रव’ वाचले जाते.

रंग कोणता? पोस्टरचा रंग किंवा गेरू पहिल्या सरीत वाहून जातो. तेलाचा रंग पाण्याला टिकतो, पण त्यातले तेल कापडात पसरून अक्षराभोवती पिवळट कडा उमटते, कापड ताठर होते आणि घडीला चिकटते. त्यापेक्षा कापड छापणारे वापरतात तो बाइंडर आणि त्यात घालायचा पिग्मेंट रंग बरा. रंगाच्या दुकानात दोन्ही मिळतात. दहा भाग बाइंडरमध्ये अर्धा ते एक भाग रंग पुरे. गडद यावा म्हणून रंग जास्त घातला, तर धरून ठेवायला बाइंडर अपुरा पडतो आणि अक्षर वाळल्यावरही हाताला रंग लागतो. पांढऱ्या कापडावर गडद निळा किंवा काळा घ्या. लाल दिवसा उठून दिसतो, पण सांजवेळी मुक्कामाला पोचताना लवकर मंदावतो. भगव्या कापडावर तर लाल अक्षरे जवळजवळ दिसतच नाहीत.

रंग कढीपेक्षा दाट आणि श्रीखंडापेक्षा पातळ हवा. त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यावर एक रेघ ओढून पाच मिनिटे थांबा. रेघेच्या कडेने धाग्याधाग्यातून केसासारखे फाटे फुटले, तर रंग पातळ आहे. थोडा बाइंडर वाढवा. ब्रश ओढताना कापडच गोळा होऊ लागले, तर तो फार घट्ट आहे.

फळ्यांवर किंवा सपाट जमिनीवर खताची स्वच्छ धुतलेली प्लॅस्टिकची पिशवी उकलून अंथरा आणि वर कापड ताणून बसवा. खाली वर्तमानपत्र घालू नका, ते चिकटते. एक इंची चपटा ब्रश घ्या. आधी रेघेच्या दोन्ही कडा ओढा, मग मधला भाग भरा. डावीकडून उजवीकडे जा म्हणजे ओल्या अक्षरावर मनगट टेकत नाही. प्रत्येक अक्षराचा उभा काना प्रथम, वळणे नंतर आणि शिरोरेषा सर्वांत शेवटी. शिरोरेषा आधी ओढली की हात वाहवतो आणि ‘ध’वरची फट बुजून जाते. हात मनगटातून नव्हे, खांद्यातून चालवा, तरच लांब रेघ थरथरत नाही.

रंगवून झाले की कापड सावलीत पुरा दिवस वाळू द्या. पावसाळी हवेत दोन दिवस लागतील, म्हणून हे काम प्रस्थानाच्या निदान आठ दिवस आधी काढा. वाळलेला रंग पक्का झाला असे समजू नका. बाइंडर उष्णतेने पक्का होतो. कापड उलटे करून, वर एक साधे फडके टाकून, सुती कापडाला लागते तेवढ्या गरम इस्त्रीने प्रत्येक अक्षर तीन ते पाच मिनिटे फिरवत शेका. विजेची असो की कोळशाची, इस्त्री एका जागी धरून ठेवू नका. मग ओले पांढरे फडके अक्षरावर जोरात घासून पाहा. फडक्याला रंग लागला तर पुन्हा शेका. ही परीक्षा घरी घेतलेली बरी, नाहीतर ती वाटेतला पाऊस घेतो.

शेवटची पारख रस्त्यावर. दोघांनी फलक धरावा आणि ज्याला गावाचे नाव माहीत नाही अशा एखाद्या पाहुण्याला चाळीस पावलांवर उभे करावे. आपल्या माणसांना विचारून उपयोग नाही, त्यांना नाव पाठच असते. पाहुणा ‘धा’वर अडखळला तर फट अजून अरुंद आहे. भरलेला गडद रंग पांढऱ्याने झाकणे पाणीदार रंगाला जमत नाही. त्यासाठी कापड छापणाऱ्यांकडचा दाट पांढरा रंग आणून तेवढीच फट मोकळी करावी आणि वाळल्यावर तो भागही शेकून घ्यावा.

वाऱ्याने फलक फुगतो आणि काठ्या धरणाऱ्यांचे हात भरून येतात. दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत तीनचार ठिकाणी अर्धचंद्राकृती काप देऊन कडा शिवून घ्या. थोडा वारा त्यातून निघून जातो. काप अक्षरावर मात्र येऊ देऊ नका. कापडाच्या मागून नाव उलटे दिसते. मागून येणाऱ्यांनाही वाचता यावे असे वाटत असेल, तर दुसरे कापड तसेच रंगवून पाठीला पाठ लावून शिवा. मुक्कामावर फलक घडी न घालता काठीला गुंडाळा, आणि भिजला असेल तर आधी वाळवा. परत आल्यावर थंड पाण्यात हलक्या हाताने धुऊन ठेवला, की पुढच्या वर्षी फक्त काठ्या घालायच्या.