बॅटरीचा खर्च किलोमीटरमागे मोजा

इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायला गेलं की महिन्याला पेट्रोलचे किती पैसे वाचतील, हे शोरूममध्ये लगेच सांगतात. बॅटरी गेली तर काय, असं विचारलं की ‘आठ वर्षांची वॉरंटी आहे’ एवढं उत्तर मिळतं आणि बोलणं तिथेच थांबतं. घेणाऱ्यानं मात्र तिथून पुढचा हिशेब स्वतः मांडायला हवा.

समजा, पुण्यातल्या एका नोकरदाराचं रोज ३० किलोमीटर जाणं-येणं आहे. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ९,००० किलोमीटर होतात. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं, तर किलोमीटरला सव्वादोन रुपयांहून थोडे जास्त लागतात. इलेक्ट्रिक स्कूटरला चार्जरमधली गळती धरून १०० किलोमीटरला साडेतीन युनिट वीज पुरते. घरच्या विजेचा युनिटला १२ रुपये दर धरला तरी हा खर्च किलोमीटरला ४२ पैसे पडतो. म्हणजे वर्षाला साधारण १७,००० रुपये वाचतात.

आता यात बॅटरी घालू. ३ किलोवॉट अवरच्या बॅटरीला आज ६५,००० रुपये पडतील असं धरू आणि ती ८०,००० किलोमीटर चालेल असं मानू. मग बॅटरीचा खर्च किलोमीटरला ८१ पैसे येतो. वीज आणि बॅटरी मिळून सव्वा रुपयाच्या आत. बॅटरीची पूर्ण किंमत अंगावर घेऊनही या माणसाचा किलोमीटरमागे रुपयाभर फायदा होतो. स्कूटरची किंमत पेट्रोलच्या गाडीपेक्षा वीस-पंचवीस हजारांनी जास्त असली, तर तो फरक दीड वर्षात भरून निघतो.

पण हाच हिशेब प्रत्येकाला लागू पडत नाही. फक्त भाजी आणायला आणि मुलांना शाळेत सोडायला गाडी लागणाऱ्या घराचं उदाहरण घ्या. रोज आठ किलोमीटर म्हणजे वर्षाला २,४०० किलोमीटर. त्यांचे वर्षाला जेमतेम साडेचार हजार वाचतात. लिथियमची बॅटरी गाडी उभी असली तरी वयानं थकत जाते. पूर्ण चार्ज करून उन्हात उभी ठेवली तर आणखी लवकर थकते. आठ वर्षांनी बॅटरी बदलावी लागली, तर तोवर वाचलेले छत्तीस हजार त्या बिलाला पुरणार नाहीत. अशा घरानं ‘पेट्रोल वाचतं’ एवढ्याच कारणासाठी इलेक्ट्रिक स्कूटर घेऊ नये, असं मला स्पष्ट वाटतं.

डिलिव्हरी करणाऱ्यांची अडचण याच्या उलटी असते. रोज १०० किलोमीटर गाडी पळवणाऱ्याची बचत मोठी असते, पण वॉरंटीच्या कागदावर ‘आठ वर्षे किंवा ८०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं असतं. त्याचे ८०,००० किलोमीटर तीन वर्षांच्या आत पूर्ण होतात. काही वॉरंट्यांमध्ये धंद्यासाठी वापरलेली गाडी धरतच नाहीत. त्यानं ते कलम आधी वाचावं आणि वाचलेल्या पैशातून बॅटरीसाठी दरमहा रक्कम बाजूला टाकावी.

वॉरंटीतली दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे ७० टक्क्यांची अट. बॅटरीची क्षमता मूळच्या ७० टक्क्यांखाली गेली तरच कंपनी ती बदलून देते, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. नवी असताना एका चार्जमध्ये ९० किलोमीटर देणारी गाडी ६५वर आली, तरी कंपनीच्या लेखी बॅटरी चांगलीच असते. आपल्या पुणेकराला रोज ३० किलोमीटरच लागतात, त्यामुळे त्याचं काही अडत नाही. वॉरंटी संपल्यावरही तो तीच बॅटरी आणखी काही वर्षं वापरू शकतो. ज्याला रोज ७५ किलोमीटर लागतात, त्याची मात्र कोंडी होते. गाडी पुरत नाही आणि दावाही करता येत नाही. म्हणून आपल्या रोजच्या धावेच्या दुपटीइतकी रेंज देणारी बॅटरी घ्यावी. रेंजही जाहिरातीतली धरू नये. तेच मॉडेल वापरणाऱ्या माणसाला ती विचारावी.

बॅटरी हळूहळू थकणं निराळं आणि अचानक बंद पडणं निराळं. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा मागे पडला की चार्ज ३० टक्के दिसत असताना गाडी एकदम थांबते, किंवा टक्के धडाधड उतरतात. हे दिसलं की वॉरंटी चालू असेपर्यंत लेखी तक्रार करावी आणि पोचपावती घ्यावी. बाहेरच्या मेकॅनिकनं पॅक उघडला की सहसा वॉरंटी जाते. साचलेल्या पाण्यात गाडी बुडाल्यानं झालेलं नुकसानही बहुतेक वॉरंट्यांत बसत नाही. आपल्याकडच्या पावसात हे कलम किरकोळ समजू नये. त्यासाठी विमा पाहावा.

पैसे भरण्याआधी डीलरकडून तीन गोष्टी लेखी घ्या: बॅटरीची आजची किंमत, वॉरंटीत नवी बॅटरी मिळते की दुरुस्त केलेली, आणि गाडी विकल्यावर वॉरंटी पुढच्या मालकाकडे जाते का. डीलर हे लिहून द्यायला तयार नसेल, तर दुसरी कंपनी पाहा.