चार भिडू, तीन जोड्या, सहा उपगट

अ, ब, क, ड हे चौघे कॅरमला बसले, तर जोड्या लावायच्या रीती तीनच. अब विरुद्ध कड ही पहिली, अक विरुद्ध बड ही दुसरी, अड विरुद्ध बक ही तिसरी. चौघांच्या जागांची अदलाबदल मात्र 24 प्रकारे होते. एकामागून एक दोन अदलाबदली केल्या तरी त्या 24 मधलीच एखादी मिळते, म्हणून त्यांचा ‘गट’ बनतो.

आता अ आणि ब यांची अदलाबदल करा. पहिली रीत तशीच राहते, दुसरी आणि तिसरी एकमेकींच्या जागी जातात. म्हणजे चौघांची प्रत्येक अदलाबदल तीन रीतींचीही अदलाबदल घडवते, आणि तीन रीतींच्या अदलाबदली अवघ्या 6. मग 24 मधल्या काही अदलाबदलींनी रीतींत काहीच हलत नसणार. त्या चार आहेत: काहीच न करणे, अब आणि कड एकदम बदलणे, अक आणि बड एकदम, अड आणि बक एकदम. या चौकडीला कर्नल म्हणतात. तिच्या मापाने 24 चे चार-चारांचे 6 गठ्ठे पडतात आणि हे गठ्ठेच नव्या, लहान गटाचे घटक होतात. हा भागाकार-गट.

प्रमेय सांगते, की लहान गटातल्या प्रत्येक उपगटाला मोठ्या गटातला, कर्नल पोटात असलेला, नेमका एक उपगट जुळतो. लहान गटात 1, 2, 2, 2, 3 आणि 6 घटकांचे असे सहा उपगट आहेत. मोठ्यात त्यांचे जोडीदार 4, 8, 8, 8, 12 आणि 24 घटकांचे.

एक जोडी उलगडून पाहू. पहिली रीत न हलवणारा दोन घटकांचा उपगट घ्या. त्यात ‘काहीच न करणे’ आणि ‘दुसरी-तिसरी बदलणे’ एवढेच आहे. पहिल्याच्या मागे कर्नलची चौकडी. दुसऱ्याच्या मागे अब बदलणे, कड बदलणे, आणि अ-क-ब-ड हे चक्र सुलट व उलट फिरवणे. एकूण आठ.

जुळणी टिकते त्याचे कारण साधे आहे. रीतींवर सारखाच परिणाम करणाऱ्या दोन अदलाबदलींत फरक असतो तो कर्नलच्या एखाद्या घटकाचा. तो उपगटात आधीच असेल, तर एकीबरोबर दुसरीही येतेच. खाली जाऊन परत वर आले, तरी काही वाढत नाही.

कर्नल पोटात नसेल तर मात्र घोळ होतो. ‘काहीच न करणे’ आणि ‘अब बदलणे’ एवढाच उपगट खाली नेला, तर वरच्या आठांच्या उपगटाचीच सावली मिळते, आणि परत येताना दोनाचे आठ होतात. घटकसंख्येला 4 ने भाग जात नसेल, तर कर्नल आत नाही हे नक्की. पण भाग जातो म्हणून निश्चिंत होऊ नये. अ-क-ब-ड चक्र फिरवत राहिल्याने चार घटकांचा उपगट बनतो, तरी त्यात अक आणि बड एकदम बदलणारी अदलाबदल नाही. मोठ्या गटात एकूण 30 उपगट आहेत. भागाकारातून हुबेहूब परत मिळतात ते सहाच.

लाग्रांजने 1770 च्या सुमारास चतुर्घाती समीकरणांचा अभ्यास करताना हीच रचना हाताळली होती, गट ही कल्पना रुळण्याच्या कितीतरी आधी. चार मुळांपैकी दोनांचा गुणाकार अधिक उरलेल्या दोनांचा गुणाकार, ही राशी मुळे कशीही बदलली तरी तीनच किमती घेते. म्हणून चौथ्या घाताचे समीकरण सोडवताना वाटेत तिसऱ्या घाताचे समीकरण भेटते.